बाबांची गोळी, बाबांचं चूर्ण आणि बाबांचं मीठ

वाचकाचं पत्र

"माझे सासरे ६९ वर्षांचे, बँकेतून निवृत्त. बीपी आणि शुगर दोन्ही आहे, औषधं वेळच्या वेळी घेतात. गुडघेदुखीसाठी मोबाइलवर वाचून त्यांनी गुढीपाडव्यापासून एटोरिकॉक्सिब ९० ही गोळी रोज एक सुरू केली. नात्यातल्या ग्रुपवर एका चुर्णाची माहिती आली, ते अक्षय्य तृतीयेपासून कुरिअरने मागवून घेतात. त्याने फार आराम पडला म्हणतात. ग्रुपवर वाचूनच घरातलं मीठ बदलून 'लो सोडियम' आणलं. आता पंधरवड्यापासून पाय सुजतायत. बीपी १५८/९४ आलं. उपाशीपोटीची शुगर १२४च्या आसपास असायची, ती १७८ आली. त्यांनी 'पाय सुजणे' शोधून मला पाणी काढायची गोळी आणायला सांगितली आहे, तोवर रोज दोन नारळपाणी चालू आहे. बीपीच्या पट्टीमागे टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ असं लिहिलंय, शुगरला मेटफॉर्मिन आहे. नेटवरचं सगळं खोटं असतं हे त्यांना कसं पटवू? काही बोललं की 'मी नीट वाचूनच घेतो' म्हणतात. आमचे हे म्हणतात, बाबा शिकलेले आहेत, तू मध्ये पडू नकोस. ग्रुप चालवतात माझे चुलतसासरे, त्यामुळे तिथेही तोंड उघडता येत नाही. ती गोळी आणून देऊ का?"

एक सून, रामबाग, इंदूर

उत्तर

ताई, ती गोळी आणू नका. आणि पुढचं वाचायच्या आधी उद्या सकाळी बाबांचं रक्त तपासायला द्यायची व्यवस्था करा. मूत्रपिंडं मंदावली की रक्तात वाढणारं सीरम क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि सोबत लघवीची साधी तपासणी. यासाठी उपाशीपोटी जावं लागत नाही, पोहे खाऊन गेले तरी चालेल. ग्रुप, चुलतसासरे, घरात कोण किती शिकलेलं, हे सगळं चार दिवस थांबेल. ही तपासणी थांबवण्यासारखी नाही.

आता तुमच्या एका वाक्याशी मी अडते. नेटवरचं सगळं खोटं असतं हे बाबांना पटणार नाही, कारण ते तसं नाहीच. एटोरिकॉक्सिबने गुडघ्याचं दुखणं कमी होतं, हे खरं. कमी सोडियमच्या मिठाने रक्तदाब उतरायला मदत होते, हेही खरं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली तशी शिफारसही केली आहे. पायांवर सूज आली की डॉक्टर बरेचदा पाणी काढायची गोळी देतात, यातही खोटं काही नाही. 'खोटं आहे' म्हणून तुम्ही भांडायला गेलात तर बाबा मोबाइल पुढे धरतील आणि तुम्हाला गप्प बसावं लागेल.

गफलत दुसरीकडे आहे. बाबांनी गुडघ्याचं गुडघ्यापुरतं वाचलं, मिठाचं मिठापुरतं, सुजेचं सुजेपुरतं. त्या प्रत्येक पानाला आपला वाचक कोण हे माहीत नव्हतं. त्याचं वय किती, सकाळच्या चहाआधी तो कोणती गोळी घेतो, त्याची मूत्रपिंडं किती वर्षं शुगर सोसतायत, याचा त्या पानाला पत्ता नसतो. बाबांनी प्रश्न सुटे विचारले आणि उत्तरं एकाच पोटात गेली.

त्यांच्या बीपीच्या गोळीपासूनच सुरू करू. तुम्ही पट्टी उलटून पाहिलीत ते फार बरं केलंत, कारण बाबांच्या लेखी ती 'बीपीची गोळी' आहे, एक. प्रत्यक्षात ती दोन औषधं आहेत. टेल्मिसार्टन रक्तवाहिन्या सैल करतं. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं, म्हणजे ती पाणी काढायचीच गोळी, बाबा ती आजही घेतायत. तुम्हाला आणायला सांगितली ती दुसरी.

मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म जाळ्या असतात आणि त्या दाबावर चालतात. नर्मदेच्या नळाला दाब नसला की घरातला फिल्टर चालू असूनही थेंब थेंब टपकतो, तसंच इथेही. जाळीत रक्त आणणारी एक बारीक वाहिनी असते, रक्त बाहेर नेणारी दुसरी. टेल्मिसार्टन बाहेर नेणारी वाहिनी सैल करतं, त्यामुळे जाळीवरचा दाब थोडा उतरतो. शुगर असलेल्या माणसाला दीर्घकाळात हे फायद्याचंच असतं, म्हणून तर ती गोळी मुद्दाम देतात. पाण्याची गोळी रक्तातलं पाणी थोडं कमी करते, तिनेही दाब जरासा उतरतो. इथवर शरीर सांभाळून घेतं. ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं आणि त्यांच्या जोरावर रक्त आणणारी वाहिनी उघडी ठेवतं.

एटोरिकॉक्सिब, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफिनॅक ही वेदनाशामकं नेमकी त्याच द्रव्यांवर घाव घालतात. सांध्यातलं दुखणंही त्याच जातीच्या द्रव्यांमुळे असतं, म्हणून आराम पडतो. पण गोळीला गुडघा कुठला आणि मूत्रपिंड कुठलं हे कळत नाही. रक्त आणणारी वाहिनी आवळते, नेणारी आधीच सैल, रक्तात पाणी आधीच कमी. तिन्ही औषधं एकत्र आली की जाळीवरचा दाब कोसळतो आणि गाळणं मंदावतं. हा तिहेरी फटका औषधशास्त्रात चांगला ओळखीचा आहे. त्यात वय ६९, शुगर आणि आपल्याकडचा मे महिना. घाम जातो, पाणी कमी प्यायलं जातं. एखाद्या लग्नातल्या जेवणाने दोन दिवस जुलाब झाले तर आठवडाभरात क्रिएटिनिन दुप्पट झालेलं दिसू शकतं.

आणि हे होताना दुखत नाही. मूत्रपिंडावर ताण आला म्हणून कंबर दुखेल, लघवीला जळजळ होईल, असं लोकांना वाटतं. तसं काही होत नाही. थोडा थकवा, भूक मंद, पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडून राहणं आणि एरवी आटोक्यात असलेलं बीपी विनाकारण चढणं, एवढंच. यातली दोन लक्षणं तुम्ही पत्रात स्वतःच लिहिली आहेत.

आता त्या '९०'कडे या. 'मी नीट वाचूनच घेतो' म्हणणाऱ्या माणसाला दाखवण्यासारखी हीच जागा आहे. गुडघ्याच्या झिजेसाठी एटोरिकॉक्सिबची मात्रा दिवसाला ३० मिलिग्रॅम, लागलीच तर ६०. ९० मिलिग्रॅम ही संधिवाताच्या वेगळ्या प्रकाराची मात्रा आहे, ज्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्यांवर हल्ला करते आणि हातांची बोटं सुजून सकाळी आखडतात. १२० गाउटच्या अचानक उठणाऱ्या कळेसाठी, तीही फार तर आठ दिवस. बाबांनी बहुधा वाचलं बरोबर, पण दुसऱ्या आजाराचं. शिवाय ज्यांचं बीपी १४०/९०च्या वर राहतं आणि आटोक्यात येत नाही त्यांना हे औषध देऊ नये, असं युरोपच्या औषध नियामकांनी स्पष्ट सांगितलेलं आहे. ते बीपी वाढवतं आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं.

म्हणजे पाय का सुजले असावेत, याचं पहिलं उत्तर हेच. गोळीने पाणी धरलं, पाय सुजले. सूज शोधली, पाण्याची गोळी सापडली. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध घ्यायचं, ही साखळी मी घराघरांत पाहते. बाबांच्या बाबतीत ती आणखी वाईट जागी नेईल, कारण मूत्रपिंड अडचणीत असताना पाण्याची दुसरी गोळी घेतली की रक्तातलं पाणी आणखी घटेल. सूज उतरेलही, बाबा खूष होतील, आणि क्रिएटिनिन चढत राहील.

मिठाचं वेगळं आहे. ग्रुपवरचा तो संदेश मला सगळ्यात सभ्य वाटला, आणि बाबांसाठी कदाचित तोच सगळ्यात धोक्याचा. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकीट उलटून घटक वाचा, नाव दिसेल. (सैंधव म्हणजे हे नव्हे, ते मुख्यतः सोडियमचंच मीठ.) जादा पोटॅशियम शरीर मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकतं. टेल्मिसार्टन ते टाकणं थोडं कमी करतं, वेदनाशामकंही करतात, आणि मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर दरवाजा जवळपास बंदच. अशा वेळी घरच्या प्रत्येक भाजीत पोटॅशियम, त्यावर रोज दोन नारळपाणी. नारळपाण्यातही पोटॅशियम भरपूर असतं. हाय पोटॅशियमची भीती हृदयासाठी असते, ठोके अनियमित होऊ शकतात, आणि कधी कधी आधी काहीच इशारा मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या शिफारशीचा मी वर उल्लेख केला, तिच्यातच मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही त्यांना वगळलेलं आहे. ग्रुपवर पोचेपर्यंत तेवढी ओळ गळाली.

आणि मिठाचं पाकीट बदलून शेवेचा डबा तसाच राहिला असेल तर त्याबद्दल मी इंदूरकरांशी काय बोलावं! घरातल्या वरणातलं मीठ मोजायचं आणि पोह्यांवर मूठभर शेव घालायची. बाबांचं मीठ खरंच कमी करायचं असेल तर तिथून सुरुवात होते, आणि त्याला पोटॅशियम लागत नाही.

राहिलं चूर्ण. पत्र वाचताना मी थांबले ती १२४ आणि १७८ या आकड्यांवर. वेदनाशामक गोळीने शुगर अशी चढत नाही. मिठाने चढत नाही. जेवण तेच, मेटफॉर्मिन तेच, असं असताना ती चढली आणि त्याच काळात चुर्णाने 'फार आराम' पडला, तर कुणाही डॉक्टरच्या मनात एकच शब्द येईल, तो म्हणजे स्टेरॉइड. सांधेदुखीच्या बिननावाच्या चुर्णांत आणि गोळ्यांत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइडं किंवा थेट डायक्लोफिनॅक मिसळलेलं सापडणं नवीन नाही. खूण साधी असते. वर्षानुवर्षांचं दुखणं तीन-चार दिवसांत पळतं, भूक वाढते, चेहरा जरा भरल्यासारखा दिसतो, शुगर आणि बीपी चढतं, पाय सुजतात. बाबांच्या डब्यात तेच आहे असं मी इथे बसून म्हणू शकत नाही. पण डब्यावर घटकांची यादी, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक यांतलं काही नसेल, तर तेच आहे असं धरून चाला. हा आक्षेप आयुर्वेदावर नाही. परवाना असलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर हे सगळं छापावं लागतं आणि जाणकार वैद्यही असलं बेनामी चूर्ण हातात धरणार नाहीत.

इथे मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्या. रागाच्या भरात चूर्ण केरात टाकू नका. महिनाभर रोज बाहेरून स्टेरॉइड पोटात जात असेल तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं कमी करतं. एकाएकी बंद केलं तर माणूस गळून जातो, चक्कर येते, उलट्या होतात, बीपी आणि शुगर धोकादायक खाली जाऊ शकते. म्हणून चूर्ण डब्यासकट डॉक्टरांना दाखवायचं आणि कसं थांबवायचं ते त्यांनी ठरवायचं, उद्या नाहीतर परवा, पुढच्या आठवड्यात नव्हे. बाबांनी ते मध्येच सोडलं आणि असा गळाठा आला, तर दवाखान्यात पाऊल टाकताच सांगा की हे रोज एक चूर्ण घेत होते, त्यात स्टेरॉइड असू शकतं. डॉक्टरांचे उपचार या एका वाक्याने बदलतात.

तर उद्या काय करायचं. एटोरिकॉक्सिब आजच बंद, ती एकाएकी बंद केल्याने काही बिघडत नाही. मीठ पुन्हा साधं, थोडं. नारळपाणी बंद, साधं पाणी तहानेप्रमाणे. बीपीची आणि शुगरची गोळी मात्र डॉक्टरशी बोलल्याशिवाय बंद करू नका, रिपोर्ट पाहून तेच सांगतील. एका पिशवीत घरातली सगळी औषधं भरा, पट्ट्या, चूर्ण, मिठाचं पाकीट, मलम, होमिओपॅथीच्या गोळ्या, सर्दीची गोळी, काही असेल ते. नेहमीच्या डॉक्टरांपुढे पिशवी उपडी करा. 'बाबा काय काय घेतात' हे सांगत बसलात तर निम्मं विसराल.

रिपोर्ट हातात आल्यावर कडेचे 'नॉर्मल' आकडे पाहून निवांत होऊ नका. पुरुषांचं क्रिएटिनिन साधारण ०.७ ते १.३ असतं. समजा बाबांच्या दिवाळीतल्या रिपोर्टात ०.९ होतं आणि आता १.३ आलं. प्रयोगशाळा ते ठळक अक्षरांत छापणार नाही, पण बाबांसाठी ते जवळपास दीडपट झालं. म्हणून जुना रिपोर्ट शोधून सोबत न्या, तुलना त्यांची त्यांच्याशीच व्हायला हवी. वय झालेल्या, सडपातळ माणसात स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिन मुळातच कमी दिसतं, तेव्हा मूत्रपिंडं किती गाळतायत याचा अंदाज देणारा ई-जीएफआर हा आकडाही मागून घ्या. तो ३०च्या खाली असेल तर मेटफॉर्मिन देत नाहीत, ४५च्या खाली असेल तर मात्रेचा पुन्हा विचार करतात. पोटॅशियम ५.५च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, ६ किंवा जास्त असेल तर फोनही न करता रुग्णालय. रक्त काढताना पेशी फुटल्या तर पोटॅशियम खोटं जास्त येतं हे खरं, पण ते खोटं आहे असं घरी बसून ठरवायचं नाही, डॉक्टर ईसीजी काढून आणि तपासणी पुन्हा करून ठरवतील.

रिपोर्टची वाटही पाहू नये अशा काही गोष्टी आहेत. लघवी एकदम कमी होणं, आडवं झाल्यावर धाप लागणं, छातीत धडधड, हातापायांत अचानक अशक्तपणा, बोलण्यात गोंधळ, काळी डांबरासारखी शौच. शेवटची खूण वेदनाशामकाने जठरात रक्तस्राव झाल्याची असते, आणि सोबत स्टेरॉइड असेल तर ती शक्यता बरीच वाढते. यांतलं काहीही दिसलं तर १०८ला फोन करा किंवा जवळ असेल त्या रुग्णालयात न्या. एमवाय गाठायचं की खासगी, यावर दारात उभं राहून चर्चा नको.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. वेळेवर लक्षात आलं तर अशा वेळी बहुतेकांची मूत्रपिंडं औषध थांबवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत सावरतात. सगळ्यांची पूर्ण सावरत नाहीत, म्हणून उद्याची घाई.

पण ताई, या सगळ्या धावपळीत एक गोष्ट राहून जाते. बाबांचा गुडघा खरंच दुखतो. तुम्ही त्यांच्याकडून गोळी, चूर्ण आणि मीठ काढून घेतलंत आणि हातात काहीच दिलं नाहीत, तर पुढच्या महिन्यात ते दुसरं काहीतरी शोधतील, आणि त्यांचा काय दोष? मला तर वाटतं, ते मोबाइलकडे गेले याचं कारण असं की गुडघ्याचं गाऱ्हाणं कुणी बसून ऐकलंच नाही. 'वयानुसार व्हायचंच' म्हणून आपण सगळे मोकळे होतो, डॉक्टरसुद्धा. म्हणून या भेटीत बीपीइतकाच वेळ गुडघ्यालाही मागा. तोवर पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५०ची गोळी लागेल तेव्हा, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसभरात एकूण ३ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास असेल किंवा रोजचं मद्यपान असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. सर्दी-तापाच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते बेरजेत धरा. गुडघ्यावर चोळायचं डायक्लोफिनॅकचं जेल रक्तात फार थोडं उतरतं, पण बाबांच्या बाबतीत आधी क्रिएटिनिन पाहून मगच.

आणि व्यायाम. पाय सरळ पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचं, सोडायचं. प्रत्येक पायाने दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. फरक दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. चूर्ण चार दिवसांत दाखवतं, तिथेच व्यायाम हरतो.

आता बाबांशी बोलायचं कसं. 'तुम्ही चुकलात' या वाक्याने सुरुवात केली तर संवाद तिथेच संपेल, आणि सून म्हणून तुमची जागा किती अवघड आहे हे मी जाणते. पण बाबांकडे एक फायदा आहे, त्यांना नोंदी ठेवायची सवय आहे. बीपी-शुगरची वही घरात असणारच. ती त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "बाबा, डॉक्टरांनी तारखा मागितल्या आहेत, जरा लिहून द्याल का?" एका रकान्यात बीपी आणि शुगर तारखेवार, शेजारच्या रकान्यात नवीन काय कधी सुरू केलं ते. गुढीपाडव्याला गोळी, अक्षय्य तृतीयेला चूर्ण, मीठ कधी, नारळपाणी कधी, सूज कधी. ते स्वतःच्या हाताने लिहितील आणि लिहिता लिहिता थांबतील. तुम्ही तिथे काही बोलू नका. चहा टाका.

तुमच्या यजमानांना मात्र सरळ सांगा की रक्ताची तपासणी सासऱ्यांच्या वाचनावर संशय घेण्यासाठी नाही. शुगर आणि बीपी असलेल्या माणसाने वेदनाशामक दोन महिने घेतलं की ही तपासणी करतात, डॉक्टरने लिहून दिलेलं असतं तरी केली असती. बाबांना दवाखान्यात नेणं हे त्यांचं काम, तुमचं नव्हे.

ग्रुप सोडू नका. तुम्ही बाहेर पडलात तर तिथे काय येतंय हे तुम्हाला कळणारच नाही, आणि नात्यात बोलणी वेगळी. चुलतसासऱ्यांना ग्रुपवर खोडून काढू नका, फोन करा. "काका, आमच्या बाबांची शुगर वाढली, डॉक्टर चुर्णाचे घटक विचारतायत, ते कुणाकडून मागवलं?" एवढंच विचारा. दहा घरांत ते चूर्ण गेलं असेल तर त्यांनाही कळणं आवश्यक आहे, आणि स्वतःहून विचारलेला प्रश्न त्यांना टोचणार नाही. बाबांचं निदान झाल्यावर, बाबांची संमती असेल तर, त्यांनी स्वतः ग्रुपवर दोन ओळी टाकल्या तर त्यांचं वजन तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त. औषधाच्या किंवा चुर्णाच्या दुष्परिणामाची नोंद कुणीही करू शकतं. सरकारच्या औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

बाबा पुढेही मोबाइलवर शोधतीलच, शोधू दे. मात्र नवीन औषध तोंडात टाकण्याआधी त्यांनी ते एकटं शोधू नये, आपल्या रोजच्या औषधांच्या नावांसोबत शोधावं. नाव पट्टीमागचं, म्हणजे 'बीपीची गोळी' असं नव्हे तर 'टेल्मिसार्टन, हायड्रोक्लोरोथायझाइड आणि एटोरिकॉक्सिब एकत्र'. असं शोधलं असतं तर इशारा पहिल्या पानावर दिसला असता. हीच नावं एका कागदावर ठळक लिहून बाबांच्या पाकिटात ठेवा आणि औषधाच्या दुकानात नवीन काही मागताना तो कागद काउंटरवर ठेवायला सांगा. पट्टीवर लाल उभी रेघ असेल तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, दुकानदार ओळखीचा असला तरी. दवा बाजारातून स्वस्त पडतात म्हणून दुखण्याच्या गोळ्यांचा अख्खा डबा आणून ठेवणारी घरं मला ठाऊक आहेत. त्या घरांत अशी साखळी सुरू व्हायला एक संदेश पुरतो.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा आणखी एक विचारून ठेवा. पुढच्या महिन्यात निर्जला एकादशी आहे. बाबा ती करत असतील तर त्या दिवशी, आणि एरवी उलट्या-जुलाब झाले तर, बीपीची व शुगरची गोळी घ्यायची की नाही आणि पुन्हा कधी सुरू करायची. अशा दिवशी यांतल्या काही गोळ्या डॉक्टर तात्पुरत्या थांबवायला सांगतात. उत्तर त्यांच्याकडून त्याच चिठ्ठीवर लिहून घ्या. बाबांचं आजचं क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, तर यंदाची एकादशी पाणी पिऊन करावी लागेल, आणि हे त्यांना तुमच्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेलं बरं.